टाच टेकल्यापासून अंगठा सुटेपर्यंत

चालताना मागचा पाय जमीन सोडतो, नेमक्या त्या क्षणी पोटरीचा स्नायू काय करत असतो? फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हा प्रश्न पुष्कळ वर्षं विचारत आले. उत्तर ठरलेलं असतं : तो आवळलेला असतो आणि शरीराला पुढे ढकलत असतो. खरी गोष्ट अशी, की त्या क्षणी पोटरी जवळजवळ गप्प असते. दुसऱ्या पायाची टाच पुढे जमिनीला लागली, तेव्हाच तिचं काम आटोपत आलेलं असतं. अंगठा उचलला जातो तो त्यानंतर.

विद्यार्थ्यांचं यात काही चुकत नाही. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले नामवंत शास्त्रज्ञही याच पद्धतीने विचार करत होते. पाऊल हलताना दिसतं, स्नायू मात्र आतून काय करतो ते दिसत नाही. दिसणाऱ्या हालचालीवरून न दिसणाऱ्या कामाचा अंदाज बांधायचा, एवढंच त्यांच्या हाती होतं. टाच टेकल्यापासून अंगठा सुटेपर्यंत कोणता स्नायू केव्हा जागा असतो, हे नीट कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्या शोधाची हकिगत सांगत सांगत आपण एक पाऊल पुरं करू.

आधी त्या पावलाचा काळ. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत नेहमीच्या चालीत साधारण एक सेकंद जातो. त्यातला साठ टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि चाळीस टक्के हवेत. म्हणजे एक पाय जमिनीवर असण्याचे काळ एकमेकांवर थोडे चढलेले असतात. दर फेरीत दोनदा, प्रत्येकी सुमारे दहा टक्के वेळ, दोन्ही पाय जमिनीला लागलेले असतात. चालणं आणि धावणं यांतला फरक हाच. धावताना असा एकही क्षण येत नाही. उलट दोन्ही पाय हवेत असतात.

1836 साली जर्मनीतल्या गॉटिंगेन इथे दोन भावांनी माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक ग्रंथ काढला. थोरला विल्हेल्म वेबर भौतिकशास्त्रज्ञ. गाउसबरोबर गावात तार टाकून विजेवर संदेश पाठवणारा तोच. धाकटा एडुआर्ड शरीररचनाशास्त्राचा अभ्यासक. एका भावाने गणित मांडायचं आणि दुसऱ्याने हाडं-सांधे तपासायचे, अशी ती जोडी होती. त्यांचा एक प्रयोग आजही वर्गात सांगितला की मुलं मान वर करून ऐकतात. मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे सगळे स्नायू त्यांनी कापले, सांध्याचं वेष्टनही कापलं. तरी मांडीचं हाड खोबणीतून निखळेना. मग खोबणीला आतल्या बाजूने भोक पाडलं, हवा आत शिरली आणि पाय खाली आला. पायाचं वजन स्नायूंनी नव्हे, तर हवेच्या दाबाने पेललेलं असतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

त्यातूनच त्यांचा दुसरा सिद्धांत आला. वजन पेलायला स्नायू लागत नसतील, तर हवेतून पुढे जाणारा पाय म्हणजे खुब्याला टांगलेला एक लंबक आहे. घड्याळाचा लंबक जसा आपोआप झुलतो, तसा पाय झुलतो आणि तेवढा वेळ स्नायू विसावा घेतात. कल्पना देखणी होती. उंच माणसं लांब आणि संथ ढांगा का टाकतात, मुलांची पावलं भराभर का पडतात, याचा उलगडाही तिच्यातून होत होता.

तिला धक्का दिला तो पॅरिसच्या एका डॉक्टरने. ग्विलोम द्युशेन याच्याकडे रुग्णालयातलं मोठं पद नव्हतं. विजेचं उपकरण बरोबर घेऊन तो एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हिंडे, आणि ज्याचा एखादाच स्नायू लुळा पडला आहे असे रोगी शोधून त्यांच्याकडे बघत बसे. त्याची पद्धत सोपी होती : एक स्नायू गेला की चालण्यातलं काय जातं ते पाहायचं, तेच त्या स्नायूचं काम. खुब्याशी मांडी उचलणारे स्नायू ज्यांचे गेले होते, त्यांचा पाय काही लंबकासारखा झुलत नव्हता. तो पुढे नेण्यासाठी त्यांना कंबर उचलावी लागे किंवा पाय बाहेरून फिरवावा लागे. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या हालचालींवरच्या ग्रंथात द्युशेनने लंबकाची कल्पना नाकारली.

एकीकडे गणित, दुसरीकडे रोगी. निवाडा करायचा, तर चालणाऱ्या माणसाचं मोजमाप हवं होतं. 1872 मध्ये फ्रान्समध्येच गास्तों कार्ले याने बुटाच्या तळात हवेच्या पोकळ्या बसवून टाच आणि चवडा यांचा दाब वेगवेगळा नोंदवला. पण खरी चिकाटी दाखवली ती लाइपझिगच्या दोघांनी. विल्हेल्म ब्राउन हा शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक आणि ओटो फिशर गणिती. 1891 साली त्यांनी एका तरुणाला काळा अंगाबरोबर बसणारा पोशाख घातला आणि त्याच्या हातापायांवर वायूच्या बारीक काचनळ्या रबरी पट्ट्यांनी बांधल्या. विजेचा प्रवाह सोडला की त्या नळ्या सेकंदाला सुमारे सव्वीस वेळा चमकत. चार बाजूंना चार कॅमेरे. खोली पुरती अंधारी करता येत नव्हती म्हणून प्रयोग रात्री. त्या माणसाला तयार करण्यातच कित्येक तास जात, आणि चालणं मात्र काही पावलांचं. अशा तीन खेपा झाल्या : दोन मोकळ्या हातांनी आणि एक सैनिकाचं सगळं ओझं पाठीवर घेऊन. त्या काळच्या जर्मन सैन्याला या विषयात रस का होता, हे त्या तिसऱ्या खेपेवरून कळतं.

त्या थोड्या पावलांचं गणित करायला वर्षं लागली. ब्राउन 1892 मध्ये वारला. फिशरने एकट्याने प्रत्येक अवयवाची जागा, वेग, त्वरण आणि त्यावरचा जोर हाताने काढला आणि शेवटचा भाग 1904 मध्ये छापला. झुलणाऱ्या पायाची गती केवळ वजनातून निघत नाही, त्यात स्नायूंचा हात असतोच, हे त्याच्या आकड्यांनी दाखवलं. पण कोणता स्नायू, आणि कोणत्या क्षणी? ते आकड्यांतून निघत नव्हतं.

ते निघालं अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. पाय गमावलेले हजारो सैनिक घरी परतले होते आणि त्यांना मिळालेले कृत्रिम पाय टाकाऊ होते. चांगला पाय बनवायचा तर खरा पाय काय करतो ते आधी कळलं पाहिजे, म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठात काम सुरू झालं. त्यातले दोन प्रमुख म्हणजे अस्थिशल्यविशारद व्हर्न इनमन आणि स्थापत्य अभियंता हॉवर्ड एबरहार्ट. एबरहार्टचा स्वतःचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता. विमानाच्या धावपट्टीची चाचणी घेताना तो अपघातात चिरडला होता. या मंडळींनी स्वयंसेवकांच्या हाडांत पोलादी पिना ठोकून हाडांची हालचाल टिपली, काचेच्या वाटेवर चालवून खालून चित्रं घेतली, आणि स्नायू आवळताना त्यात उठणारे विजेचे सूक्ष्म तरंग नोंदवले. स्नायू जागा कधी आणि झोपलेला कधी, हे आता कागदावर रेघेने उमटू लागलं.

त्या रेघांनी सगळ्यांनाच चकित केलं. पायाचे बहुतेक स्नायू सलग काम करतच नव्हते. पाय टेकण्याच्या आणि उचलण्याच्या आसपास त्यांच्यात थोडा थोडा वेळ खळबळ उठे आणि मधल्या काळात पुष्कळसे शांत असत. आणखी एक गोष्ट समोर आली. चालताना स्नायू ओढण्यापेक्षा आवरण्याचं काम जास्त करतात. विहिरीत बादली सोडताना आपण दोर हातात घट्ट धरूनच सैल सोडत जातो. दोर लांबतो आहे, पण हात काम करतो आहे. सुटला तर बादली आपटेल. पायातले स्नायूही असेच, लांबत असताना काम करतात.

आता टाच टेकवू या. टाचेचा जो भाग जमिनीला लागतो तो घोट्याच्या मागे असतो. त्यामुळे शरीराचं वजन आलं की तळवा झपकन खाली पडायला बघतो. त्याला आवरतो तो नडगीच्या पुढच्या अंगाचा स्नायू, टिबिॲलिस अँटिरिअर. नडगीच्या बाहेरच्या कडेला बोट ठेवून पाऊल वर ओढलंत, तर तो फुगलेला लागेल. टाच टेकल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात तो दोर सोडल्यासारखा लांबतो आणि चवडा अलगद खाली उतरतो. चालताना आपल्या पावलांचा फारसा आवाज येत नाही, तो यामुळे.

हा स्नायू अशक्त झाला तर आधी कानाला कळतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नाशिककडची एक शेतमजूर बाई आली होती. कांद्याच्या काढणीत सलग काही दिवस उकिडवं बसून काम केलं, आणि एका सकाळी उजवी चप्पल पायातून निसटू लागली. दवाखान्याच्या फरशीवर ती चालत आली तेव्हा डाव्या पावलाचा आवाज नव्हता आणि उजव्याचा 'थप' असा येत होता. टाच आधी टेकत होती, म्हणजे स्नायू पुरता गेला नव्हता. पण वजन आल्यावर त्याला दोर धरवत नव्हता. तो पूर्ण लुळा असता तर आवाज वेगळा आला असता. मग टाच टेकतच नाही, चवडा किंवा सगळा तळवाच आधी पडतो, आणि तो जमिनीला अडू नये म्हणून माणूस गुडघा उंच उचलून, पाण्यातून चालल्यासारखा चालतो.

या स्नायूला जाणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेवरून अगदी कातडीखालून जाते. फार वेळ उकिडवं बसलं की ती तिथे दबते. पण तेच लक्षण पाठीच्या मणक्यात नस दबल्यानेही होऊ शकतं, आणि उपचार पार वेगळे आहेत. म्हणून मी तिला आणखी दोन गोष्टी करायला लावल्या. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं; ते तिने जोराने वळवलं. मग उजव्या एका पायावर उभं राहायला सांगितलं. तिची कंबर सरळ राहिली. या दोन्ही कामांचे स्नायू पाठीतल्या त्याच मुळावर बरेचसे अवलंबून असतात, पण गुडघ्यापाशी दबणाऱ्या नसेवर नाही. ते शाबूत होते, तेव्हा दोष गुडघ्यापाशी असावा असं मानायला आधार मिळाला. नसेच्या तपासणीतही तेच निघालं. उकिडवं बसणं बंद, पावलाला आधार देणारी हलकी पट्टी आणि व्यायाम. चौथ्या महिन्यात 'थप' थांबलं. आपल्याकडे कुष्ठरोगातही हीच नस याच जागी मारली जाते. तिथे मात्र ती बरी होईलच असं नसतं. मग नडगीच्या मागचा एक सशक्त स्नायू पुढे आणून जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

तळवा टेकेस्तोवर वजन गुडघ्याकडे आलेलं असतं. गुडघा इथे पंधरा-वीस अंश वाकतो. हे वाकणं मुद्दामचं असतं. गाडीच्या स्प्रिंगसारखा तो धक्का पितो. पण किती वाकायचं ते मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, ठरवतो. पुन्हा तेच : लांबत लांबत आवरणं. त्याच वेळी नितंबाचा मोठा स्नायू आणि मांडीमागचे स्नायू धड पुढे कोलमडू देत नाहीत. हा एवढा क्षण, दोन्ही पाय जमिनीवर असतानाचा, पायाच्या स्नायूंसाठी सगळ्यात धावपळीचा.

आणि मग क्वाड्रिसेप्स गप्प होतो. सबंध शरीर एका पायावर तोललेलं आहे, दुसरा पाय हवेत आहे, आणि गुडघ्याचा राखणदार झोपलेला! हे कसं चालतं? या कोड्याचं उत्तर पोटरीत आहे. तळवा जमिनीला पक्का झाला की नडगीचं हाड घोट्यावर पुढे कलू लागतं. पोटरीच्या आतल्या थरातला सोलिअस हा स्नायू त्याला मागून धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. नडगी आवरलेली आहे, पण वरचं शरीर आपल्या वेगाने पुढे जातंच आहे. त्यामुळे मांडी नडगीवर पुढे येते आणि गुडघा आपोआप सरळ होतो. वजनाची रेघ गुडघ्याच्या पुढून जाऊ लागली की तो वाकूच शकत नाही. गुडघा सांभाळतो तो घोट्याचा स्नायू.

ही गोष्ट पोलिओच्या रोग्यांनी शिकवली. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने गावात मांडीवर हात टेकत चालणारा माणूस पाहिलेला आहे. लोक म्हणत, पायात जोर नाही म्हणून हाताचा आधार घेतो. खरं तर त्या हाताची वेळ बघण्यासारखी असते. टाच टेकल्यावर गुडघा वाकायचा तेवढ्याच क्षणी, लुळ्या पडलेल्या क्वाड्रिसेप्सच्या ऐवजी, हात मांडी मागे दाबतो. त्या रोग्याने आपल्याला न शिकवता पावलाचा तो दहा टक्के काळ शोधून काढलेला असतो. मुंबईत पोलिओची साथ आल्यानंतर 1950 च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली, आणि आमच्या गुरुजनांचे पहिले धडे याच पायांवर झाले.

त्याच दशकात लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात डॉ. जॅकलिन पेरी पोलिओचे रोगी पाहू लागल्या. त्या महायुद्धात सैन्यात फिजिओथेरपिस्ट होत्या, मग शल्यविशारद झाल्या. पुढे स्नायूत बारीक तारा घालून चालताना नोंदी घेणं हे त्यांच्या आयुष्याचं काम झालं. 'टाचेचा आघात' हा जुना शब्दही त्यांनी सोडला. रोग्यांपैकी अनेकांची टाच आधी टेकतच नाही, म्हणून त्या 'पहिला स्पर्श' असं म्हणत. मला हा बदल आवडतो, कारण त्यात निरोगी माणसाला मोजपट्टी धरलेलं नाही.

पोटरी आणि गुडघा यांच्या नात्याचा विसर पडला की शस्त्रक्रियाही फसते. क्वाड्रिसेप्स लुळा असलेल्या पोलिओच्या मुलाची टाच पुष्कळदा आखडून उचललेली असते. ती वाईट दिसते, आणि टाचेमागची शीर लांबवून पाऊल सपाट करणं सोपं असतं. पण ती आखडलेली पोटरीच नडगीला मागे धरून गुडघा सरळ ठेवत असते. शीर प्रमाणाबाहेर लांबवली की पाऊल सुंदर दिसतं आणि चालणारं मूल गुडघ्यात कोसळू लागतं. मेंदूच्या पक्षाघातातल्या मुलांमध्येही हेच होतं. ती पुढे दोन्ही गुडघे कायम वाकवून चालू लागतात, आणि जो क्वाड्रिसेप्स क्षणभर काम करून विसावायचा तो प्रत्येक पावलाला शेवटपर्यंत राबतो. अशी मुलं वाढत्या वयात चालणं सोडून देतात. शीर किती लांबवायची याचं उत्तर म्हणूनच फक्त झोपवून तपासलेल्या पायात मिळत नाही. ते मूल चालताना पाहावं लागतं.

एका पायावर उभं असतानाची दुसरी अडचण बाजूची असते. हवेतल्या पायाकडची कंबर आधाराविना लटकते. तिला वर धरतो तो जमिनीवरच्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस. तो खुब्याच्या अगदी जवळून ओढतो आणि वजन मात्र दूर असतं. म्हणून त्याला वजनाहून कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. दोन्हींचा मिळून चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. हा स्नायू दुबळा झाला की माणूस बदकासारखा डुलतो. जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांची अशी चाल डॉक्टरांना ठाऊक होती, पण मांडीचं हाड वरखाली सरकतं म्हणून ते डुलतात असं मानलं जाई. 1895 साली फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्गने या रोग्यांना कपडे उतरवून चालवलं आणि मागून पाहिलं. पाय टेकला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली जात होती आणि तोल सांभाळायला धड टेकलेल्या पायाकडे झुकत होतं. दोष स्नायूच्या पकडीत होता. एका पायावर उभं करून कंबर पाहण्याची ती साधी तपासणी आजही त्याच्याच नावाने चालते. कांद्याच्या शेतातल्या त्या बाईची मी केली ती हीच. जाता जाता : खुबा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. आपल्याकडे दहातले निम्मे आजोबा ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. दुसऱ्या बाजूची काठी लटकणाऱ्या कंबरेला दुरून आधार देते, त्यामुळे थोड्या जोरातही त्या स्नायूचं ओझं पुष्कळ कमी होतं.

आता टाच उचलते. शरीर पावलाच्या पुढे गेलेलं असतं, सगळं वजन चवड्यावर असतं आणि पोटरी तिच्या कामाच्या शिखरावर. इथे एक वाद बराच काळ चालला. पोटरी शरीराला ढकलते, की नुसती नडगी धरून ठेवते आणि शरीर चवड्यावरून पुढे लोळतं? पेरी दुसऱ्या बाजूच्या. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात डेव्हिड विंटर यांनी मात्र सांध्यांवरची शक्ती मोजून दाखवलं, की पावलाच्या सबंध फेरीतला शक्तीचा सर्वांत मोठा झोत याच वेळी घोट्यातून निघतो.

पण मग सुरुवातीचा प्रश्न : तेव्हा तर स्नायू शांत होत आलेला असतो, झोत येतो कुठून? 2001 साली जपानमध्ये फुकुनागा आणि सहकाऱ्यांनी चालणाऱ्या माणसाच्या पोटरीवर सोनोग्राफीचं यंत्र बांधलं. स्नायूचे धागे, जेव्हा पोटरी सगळ्यात जोरात काम करत होती, तेव्हा लांबीला जवळपास स्थिर होते. ताणली जात होती ती टाचेमागची जाड शीर. शरीर पुढे कलत असताना स्नायू एक टोक पक्कं धरतो आणि शीर धनुष्याच्या दोरीसारखी ताणून भरत जाते. दुसऱ्या पायाची टाच टेकली, वजन तिकडे सरकलं, की या पायावरचा भार उतरतो आणि ताणलेली शीर झटक्यात परत आखडते. म्हणजे धरण्याचं काम आणि ढकलण्याचं काम दोन्ही खरी. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू एकाच दोरीची दोन टोकं पाहत होत्या. शिरेची ही लवचीकता ज्यांच्या पायात उरत नाही, त्यांची चाल दमवणारी होते. घोट्यात नुसता लवता सांधा बसवलेल्या जुन्या कृत्रिम पायांत नेमकं हेच हरवलेलं असे.

शेवटचा दहा टक्के काळ. घोटा सुटा होतो, गुडघा सैल पडतो. अंगठा जमीन सोडेपर्यंत गुडघा सुमारे चाळीस अंश वाकलेला असतो, आणि त्याला वाकवायला वेगळा स्नायू फारसा लागत नाही. मागून आलेला घोट्याचा झोत आणि पुढे निघालेली मांडी मिळून ते काम करतात. मांडीला पुढे काढतो खुब्याच्या पुढचा खोल स्नायू, इलिओसोआस. द्युशेनच्या रोग्यांत गेलेला स्नायू हाच. आणि अंगठा सुटताच नडगीचा पुढचा स्नायू पुन्हा जागा होतो, चवडा वर घेतो. नाहीतर ठेच लागेल.

पुढचं काही काळ मात्र वेबर बंधूंचं आहे. हवेतल्या पायाच्या मधल्या टप्प्यात खुब्याचे आणि गुडघ्याचे स्नायू खरोखरच बरेचसे शांत असतात. 1980 मध्ये मोचोन आणि मॅकमहोन यांनी गणिताने दाखवलं, की पाय सुटतानाचा वेग आणि कोन नीट जुळून आले तर पुढचा झोका स्नायूंशिवाय पुरा होऊ शकतो. दहा वर्षांनी कॅनडात टॅड मॅकगियर याने मोटार नसलेलं, नुसत्या सांध्यांचं, दोन पायांवर चालणारं यंत्र बनवलं. हलक्या उतारावर सोडलं की ते माणसासारखी पावलं टाकत खाली येई. सपाट जमिनीवर मात्र ते थांबे, कारण उताराने दिलेली ढकल तिथे द्यायला त्याच्याकडे पोटरीही नव्हती आणि इलिओसोआसही.